ग्रामसभेत सांडपाण्याची योजना कशी समजावून सांगावी: तयारीपासून ठरावापर्यंत

ग्रामसभेत नव्या योजनेची माहिती देणारी भाषणं बहुतेक एकाच पद्धतीने फसतात. बोलणारा परिपत्रक वाचून दाखवतो, शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारतो, कुणी बोलत नाही. ठराव एकमताने मंजूर होतो. दोन महिन्यांनी पाहावं तर गावात एक खड्डाही खणलेला नसतो आणि ‘लोकांचं सहकार्य नाही’ असा शेरा अहवालात जातो. खरं तर लोकांना नेमकं काय करायचंय हेच कुणी सांगितलेलं नसतं.

हा लेख सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (गावात आजही ‘ग्रामसेवक’च), तालुक्याचे गट समन्वयक आणि गावातल्या ज्या कुणाला योजना समजावून सांगायला उभं केलं जातं त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मधलं सांडपाणी व्यवस्थापन घेतलंय. शौचालय ज्याचं त्याचं असतं. सांडपाणी मात्र वरच्या आळीतून निघतं आणि खालच्या आळीच्या दारात साचतं, त्यामुळे ग्रामसभेत खरा वाद होतो तो इथे.

हिशेब समजावा म्हणून एक गाव धरून चालू. लोकसंख्या १,८००, घरं ३६०, मतदार १,२५०. गावठाण उतारावर, जमीन मुरमाड. ओढ्याकाठी एक वस्ती आहे, तिची जमीन काळी.

## टप्पा १: आधी पैशाचे कप्पे वेगळे करा

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून पहिल्या आठवड्याचं काम हेच.

मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, अशी कमाल मर्यादा आहे. पाच हजारांपुढच्या गावाला हेच आकडे ६६० आणि ४५ होतात. आपल्या गावाचं सांडपाण्याचं गणित १,८०० गुणिले २८०, म्हणजे ५,०४,००० रुपये. त्यातले ३० टक्के, म्हणजे १,५१,२०० रुपये, ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. उरलेले ३,५२,८०० मिशनकडून.

आता सभेत काय होतं ते बघा. बोलणारा ‘माणशी २८० रुपये’ म्हणतो. मागे बसलेला माणूस मनात हिशेब करतो, आमची पाच माणसं, म्हणजे चौदाशे. पुढचे सहा महिने तो ग्रामपंचायतीत येऊन ‘आमचे चौदाशे कधी मिळणार?’ असं विचारत राहतो. चूक त्याची नाही. माणशी आकडा हा गावाची मर्यादा काढण्यासाठी आहे आणि तो पैसा सामाईक कामांसाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून तीन कप्पे करा:

१. सामाईक कामं: गल्लीच्या टोकाचा सार्वजनिक शोषखड्डा, नळकोंडाळ्याजवळचा खड्डा, गावाच्या खालच्या अंगाला स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी साठवून आपोआप शुद्ध होऊ देणारं तळं. हे मिशन आणि वित्त आयोगाच्या पैशातून.

२. घरगुती शोषखड्डा: जॉबकार्ड असलेल्या, पात्र कुटुंबाला रोजगार हमीतून.

३. घरमालकाचा वाटा: मोरीपासून खड्ड्यापर्यंतचा पाइप, जाळी, आणि पुढची साफसफाई.

भाषणात आकडे सांगायचे ते या कप्प्यांप्रमाणे. एकूण रकमेचा आकडा मोठ्याने सांगून टाळ्या घ्यायचा मोह आवरा.

तपासा: निकष बदलत असतात. भाषणाच्या आठवड्यात पंचायत समितीकडून चालू पत्र तारखेसह हातात घ्या. त्यात चार गोष्टी लेखी हव्यात: सध्याचा माणशी दर, रोजगार हमीतून घरगुती खड्डा सुरू आहे का, कोण पात्र, आणि पैसे कुठल्या टप्प्यावर मिळतात. ज्याचं लेखी उत्तर नाही ते सभेत बोलायचं नाही.

सावधान: रोजगार हमीचं काम मंजुरी आणि काम सुरू करण्याचा आदेश मिळाल्यावरच चालू करायचं असतं. खड्डा खणण्याआधीचा, काम चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा फोटो लागतो. उत्साहाच्या भरात ‘उद्यापासून खणायला लागा’ म्हणालात, तर उद्या खणणाऱ्याची मजुरी बुडते. गावाचा विश्वास उडवायचा याहून सोपा मार्ग नाही.

## टप्पा २: गावाचं पाणी बघून या

सभेच्या दहा-बारा दिवस आधी, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, नळ सुटल्यावर गावातून फिरा. सोबत पाणी सोडणारा कर्मचारी आणि आशाताई हव्यातच. त्या दोघांना गावाची जी माहिती असते ती दप्तरात नसते.

वहीत तीन गोष्टी लिहा: पाणी कुठून निघतं, कुठे साचतं, आणि नळाची पाइपलाइन गटारातून कुठे गेलीय. तिसरी गोष्ट भाषणात सर्वांत जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास सुटतं. नळ बंद झाला की पाइपमधला दाब जातो, आणि जोडाला फट असेल तर गटारातलं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सुटल्यावर पहिल्या हंड्यात तेच येतं. अशी एखादी जागा गावात सापडली, तर ‘स्वच्छतेचं महत्त्व’ यावर वेगळं बोलायची गरज उरत नाही.

त्यानंतर जमिनीची परीक्षा. शोषखड्डा चालेल की नाही हे जमीन सांगते, अधिकारी नाही. प्रत्येक वस्तीत एका जागी असं करा:

१. खड्ड्याचं पाणी जिथे जिरायचं आहे तेवढ्या खोलीवर, तळाशी एक फूट रुंदीचा छोटा खळगा करा. तळाला दोन इंच जाड वाळू टाका.

२. खळगा पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. कोरडी जमीन पहिलं पाणी भसाभस पिते. त्यावर भरवसा ठेवला तर फसगत होते.

३. दुसऱ्या दिवशी सहा इंच पाणी ठेवा, आत फूटपट्टी उभी करा आणि एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा.

अर्ध्या तासाच्या आत एक इंच उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर अभियंत्याला विचारून लांबट चराचा विचार करा. तासाच्या वर गेलं तर तिथे खड्डा नको. आपल्या गावात मुरमाड गावठाण बहुधा पास होईल आणि ओढ्याकाठची काळी जमीन नापास. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या फटी बुजतात, पाणी वरच राहतं.

ही परीक्षा त्या-त्या वस्तीतल्या माणसांसमोरच करा आणि मिनिटं त्यांनाच मोजायला लावा. ‘तुमच्या वस्तीत खड्डा चालणार नाही’ हे सभेत तुम्ही म्हणालात तर तो अन्याय वाटतो. तेच घड्याळ धरलेला त्यांचाच माणूस म्हणाला तर कुणी वाद घालत नाही.

तपासा: पिण्याच्या विहिरी आणि हातपंप नकाशावर खुणा करून ठेवा. खड्डा त्यांच्यापासून किमान १० मीटर लांब हवा. भूजल वर असेल किंवा जमीन फुटक्या खडकाची असेल तर त्याहून जास्त. असा प्रश्न सभेत हमखास येतो.

## टप्पा ३: महिला सभा उरकू नका

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन होते. या योजनेत तसं केलंत तर काम बुडालं म्हणून समजा. मोरी कुठे, भांडी कुठे घासतात, कपड्यांचं पाणी कुठून जातं, खड्ड्याची जाळी पुढे कोण साफ करणार, ही सगळी माहिती आणि सगळं काम बायकांकडे असतं.

इथे भाषण करू नका. अंगणवाडीत किंवा कुणाच्या ओसरीवर बसा आणि विचारा, ‘तुमच्या मोरीचं पाणी आत्ता कुठे जातं?’ बोलणं आपोआप सुरू होतं. ‘जाऊबाईंच्या अंगणात जातं, म्हणून रोज कटकट’ हे वाक्य मोठ्या ग्रामसभेत कधीच ऐकू येणार नाही, आणि खड्ड्यांच्या जागा ठरवायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

या बैठकीतून दोन गोष्टी घेऊन निघा. ग्रामसभेत कुठले प्रश्न येणार त्यांची यादी, आणि ते उभं राहून विचारायला तयार असलेल्या दोन-तीन बायका. त्यांना काय विचारायचं हे पढवू नका. ‘तुम्ही आत्ता जे विचारलंत तेच तिथे विचारा’ एवढंच सांगा. ग्रामसभेत पहिला प्रश्न बाईने विचारला की बाकीच्यांचा संकोच मोडतो.

## टप्पा ४: नोटीस, जागा, नमुना

सात दिवस आधी नोटीस. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ यात ही योजना ढकलू नका, स्वतंत्र विषय लिहा. दवंडी सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, ओढ्याकाठच्या वस्तीत वेगळी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आपल्या गावात १५ टक्के म्हणजे १८८ होतात, म्हणून १०० धरायचे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला ती अट राहत नाही, त्यामुळे काही गावांत पहिली सभा पडू देण्याची पद्धतच पडली आहे. कायद्याने चालेल, पण ज्या योजनेत घरोघरी काम आहे तिथे पंधरा माणसांच्या तहकूब सभेतला ठराव कागदावरच राहतो.

जमलं तर विषय शाळेच्या आवारात घ्या, कारण तिथेच नमुना दाखवायचा आहे. शाळेच्या हात धुण्याच्या जागेजवळ श्रमदानातून एक खड्डा करा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी चार फूट. मधोमध दोन फूट व्यासाची सिमेंटची टाकी, तिला वरच्या भागात भोकं, आणि भोवती दगड. नांदेड जिल्ह्यातून सगळीकडे पोचलेला ‘मॅजिक पिट’ तो हाच. पाणी आधी टाकीत पडतं, गाळ आणि खरकटं तळाशी बसतं, वरचं पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जातं. दगड चोंदत नाहीत ते या टाकीमुळे.

खड्डा सभेच्या दिवशी अर्धाच भरलेला ठेवा. पूर्ण झालेल्या खड्ड्याचं फक्त झाकण दिसतं, त्यातून कुणाला काही कळत नाही. टाकी बसवलेली, खालचे मोठे दगड भरलेले, वरचे बाकी, अशा अवस्थेत माणसं वाकून आत बघतात आणि खरे प्रश्न तिथेच सुचतात.

सावधान: उघड्या खड्ड्याभोवती दोरी आणि काठ्या लावा, रात्री वर पत्रा टाका. शाळेचं आवार आहे.

## टप्पा ५: भाषण, बारा मिनिटांचं

सरपंच अध्यक्षस्थानी असतात, त्यांचं प्रास्ताविक दोन मिनिटांत व्हावं हे आधीच बोलून ठेवा. तुमचं बोलणं बारा मिनिटांपुढे नको. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गावातली जागा, मग उपाय, मग पैसा, मग कुणी काय करायचं, आणि शेवटी योजनेत काय मिळणार नाही. पैसा पहिल्यांदा सांगितला तर पुढचं कुणी ऐकत नाही. अगदी शेवटी ठेवला तर लोकांना वाटतं काहीतरी लपवताहेत.

सुरुवात अशी करता येईल:

‘मंडळी, मारुतीच्या देवळामागे पाण्याचा पाइप गटारातून गेलाय, तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. तिथल्या जोडातून सकाळी नळ सुटल्यावर पाणी उडतं. आता मला सांगा, जिथून पाणी बाहेर येतं, तिथून नळ बंद झाल्यावर आत काय जात असेल?’

इथे थांबा. उत्तर कुणीतरी देतंच. मग पुढे:

‘एका माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येतं. त्यातलं पिण्यात, उडण्यात जाऊन सुमारे १९० लिटर मोरीतून बाहेर पडतं, म्हणजे बारा-तेरा हंडे. ३६० घरांतून असं पाणी रोज निघतं, आणि त्यातलं एका आळीचं देवळामागे जमतं. ते तिथे येऊच नये, ज्याच्या त्याच्या अंगणात जिरावं, यासाठी ही योजना आहे.’

एवढं झालं की सगळ्यांना उठवून खड्ड्यापाशी न्या. दोन मिनिटं तिथे. परत आल्यावर पैशाचे तीन कप्पे सांगा, आणि ‘२८० रुपये’ हा आकडा उच्चारताच पुढच्याच वाक्यात सांगा: ‘हे कुणाच्या हातात मिळणार नाहीत, यातून गल्लीचा खड्डा आणि खालचं तळं होणार.’

मग शेवटचा भाग, जो सगळे टाळतात: ‘या योजनेत बंदिस्त गटार पूर्ण गावाला होणार नाही. ओढ्याकाठच्या वस्तीत घरोघर खड्डे चालणार नाहीत, तिथे पाणी पाइपने खालच्या तळ्यात न्यावं लागेल. आणि खड्ड्याची टाकी वेळच्या वेळी उपसावी लागेल, ते काम ग्रामपंचायत करणार नाही.’

सावधान: ‘गटारामुळे डेंग्यू होतो’ असं बोलू नका. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि हे गावातल्या आशाताई घरोघर सांगत असतात. तुम्ही उलटं बोललात की त्यांचंही खोटं पडतं आणि तुमचंही. घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास, ज्याच्यामुळे हत्तीपाय होतो. तेवढंच बोला.

## टप्पा ६: प्रश्न काढणं आणि उत्तर देणं

‘काही शंका?’ या प्रश्नाला ग्रामसभेत उत्तर नसतं. त्याऐवजी नेमका प्रश्न विचारा: ‘वरच्या आळीत खड्डा करायला जागा नाही अशी कुठली घरं आहेत?’ किंवा ‘कुणाच्या घराला पावसाळ्यात जमिनीतून पाझर येतो?’ लोक आपली अडचण सांगायला लागतात, आणि अडचण म्हणजेच प्रश्न.

प्रश्न येईल तसा ग्रामसेवकाने नावासह लिहावा. उत्तर माहीत नसेल तर ‘तालुक्याला विचारून गुरुवारी फलकावर लावतो’ असं सांगा आणि खरंच लावा. हे प्रश्न जवळपास प्रत्येक गावात येतात:

‘गटारच का नाही बांधत?’ हा प्रश्न टाळू नका, कारण निम्म्या सभेच्या मनात तोच असतो. गटार पाणी जिरवत नाही, पुढे ढकलतं. त्याला सलग उतार लागतो आणि शेवटी पाणी शुद्ध करून सोडायची जागा लागते. शाखा अभियंत्याकडून पूर्ण गावाच्या बंदिस्त गटाराचा ढोबळ अंदाज आधीच काढून घ्या आणि तो ५,०४,००० च्या शेजारी फळ्यावर लिहा. तुम्हाला वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. जिथे खड्डे शक्यच नाहीत तेवढ्या तुकड्यात गटार किंवा पाइप, हे उत्तर प्रामाणिक आहे.

‘पावसाळ्यात खड्डा भरून वर आला तर?’ छपराच्या पन्हाळीचं पाणी खड्ड्यात सोडलं तर येणारच. पागोळ्यांचं पाणी वेगळं काढायचं, खड्ड्याचा काठ अंगणापेक्षा थोडा उंच ठेवायचा. तरीही भूजल फार वर येणाऱ्या जागी खड्डा नको, हे स्पष्ट सांगा.

‘शौचालयाचं पाणीही यातच सोडलं तर?’ नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. हा खड्डा फक्त मोरीच्या पाण्याचा. शौचालयाला दोन वेगळे खड्डे असतात, एक भरला की दुसरा वापरायचा. सेप्टिक टाकीचा बाहेर जाणारा पाइप या खड्ड्यात आणून सोडणं ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत घातक चूक.

‘आमच्याकडे जागाच नाही.’ दोन-तीन घरांत मिळून एक खड्डा, किंवा गल्लीच्या टोकाचा सार्वजनिक खड्डा. जागा कुणाची खासगी असेल तर तोंडी ‘हो’ चालत नाही, लेखी संमती घ्या. आज हो म्हणणारा भाऊबंदकीच्या भांडणात उद्या खड्डा बुजवून टाकतो.

‘मागच्या योजनेचे पैसे अजून मिळाले नाहीत, आणि हे नवीन कसलं?’ इथे बोलणारे चिडतात किंवा ‘तो विषय वेगळा’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही चुकीचं. जुन्या देण्याची तक्रार सगळ्या सभेसमोर नाव, वर्ष आणि योजनेसह लिहून घ्या, कुठल्या तारखेला चौकशीचं उत्तर देणार ते सांगा, मग पुढे जा. दोन-चारच माणसं असतात, पण त्यांच्याकडे बघून पन्नास जण आपलं मत ठरवतात.

एखादा माणूस निव्वळ राजकारणासाठी उठला असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला विचारा, ‘तुमच्या घरचा खड्डा कुठे काढायचा?’ नवल वाटेल, पण अनेकदा तो जागा सांगतो.

## टप्पा ७: सहभाग म्हणजे नाव आणि वार

‘सर्वांनी सहकार्य करावं’ या वाक्यावर सभा संपवली की काहीच होत नाही. सभा उठायच्या आधी, लोक समोर असतानाच, फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर यादी करायची. ३६० घरांची यादी त्या दिवशी होणार नाही, करायलाही जाऊ नका. एक आळी निवडा, जिचं पाणी देवळामागे जातं ती. समजा तिच्यात ४० घरं आहेत.

यादीत चार रकाने: कुटुंबप्रमुखाचं नाव, जॉबकार्ड आहे की नाही, खड्ड्याची जागा, आणि जागेवर चुन्याने खूण करायला कुठल्या वारी यायचं. चुन्याची खूण करण्यात एक हुशारी आहे. मंजुरीआधी खणता येत नाही, पण खूण करता येते. अंगणात पांढरा चौकोन दिसायला लागला की घरात त्यावर बोलणं होतं, सून म्हणते इथे नको, तुळशीपाशी नको, तिकडे घ्या. हे बदल खणण्याआधी झालेले बरे.

काम वाटून द्या, पण माणसाला झेपेल असं. बचत गटाच्या बायकांनी आळीतल्या मोऱ्यांची यादी. तरुण मंडळाने दगड कुठे मिळतील ते बघणं, कारण चाळीस खड्ड्यांना दगड पुष्कळ लागतो आणि आयत्या वेळी ट्रॅक्टरचं भाडं डोईजड होतं. गावातल्या दोन गवंड्यांना शाळेच्या नमुन्याचं उरलेलं काम, म्हणजे ते करता करता शिकतील. खड्डा भरतानाच चूक पकडता येते: सर्वांत मोठे दगड खाली, मध्यम मधे, लहान वर. पाइप टाकीत सोडायचा, दगडांत नाही. टाकीची भोकं वर, खाली नाहीत. ती उलटी बसवली की गाळ थेट दगडांत जातो आणि खड्डा पहिल्या वर्षीच तुंबतो.

तपासा: यादी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याचं नाव वाचलं त्याने हात वर करावा. घरातल्या दुसऱ्याने परस्पर नाव दिलेलं असेल तर ते इथेच कळतं.

## टप्पा ८: ठराव आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

‘सांडपाणी व्यवस्थापन योजना राबविण्यास मंजुरी देण्यात येत आहे’ हा ठराव निरुपयोगी आहे, कारण त्यावरून कुणालाच जाब विचारता येत नाही. ठरावात कुठली आळी, किती घरगुती खड्डे, किती सार्वजनिक आणि कुठे, वित्त आयोगातून किती रक्कम, देखभाल कुणाकडे, आणि कुठल्या महिन्यात काम, एवढं यावं. सूचक आणि अनुमोदक यांची नावं, आणि विरोध झाला असेल तर तोही इतिवृत्तात लिहा. ओढ्याकाठच्या वस्तीचं काय करायचं याचा उपठराव त्याच दिवशी करा. ‘नंतर बघू’ म्हटलं की ती वस्ती योजनेतून कायमची गळते.

ठराव आणि यादी दुसऱ्याच दिवशी पंचायत समितीला पाठवा आणि पोच घ्या. पहिल्या आठवड्यात चुन्याच्या खुणा. दुसऱ्या आठवड्यात जॉबकार्ड नसलेल्यांचे अर्ज, अभियंत्याची जागापाहणी आणि सभेत अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं फलकावर.

काम सुरू करायचा आदेश आला की त्या आळीत पुन्हा एकदा दवंडी द्या, आणि पहिला खड्डा खालच्या बाजूच्या घराचा घेऊ नका. सुरुवात सर्वांत वरच्या घरापासून. वरून पाणी यायचं थांबलं की खालची जमीन कोरडी होते, तिथे खणणं सोपं जातं, आणि ‘माझ्या दारात दुसऱ्याचं पाणी, मी का खड्डा करू?’ हे म्हणायला कुणाला जागा राहत नाही. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय म्हणून हीच चाळीस नावं पुन्हा वाचायची, प्रत्येक नावापुढे झालं, चालू आहे की अडलंय, आणि अडलं असेल तर कुठे.